जपानी रिव्ह्यूमधले पाहिलेले, ऐकलेले आणि वाटलेले

प्रश्न: आम्ही गेल्या महिन्यात पुण्याहून तोक्योला, निशि-कासाइ भागात राहायला आलो. घरात चार माणसे आहेत आणि ५.५ गो मापाचा राइस कुकर घ्यायचा आहे. दुकानाच्या ॲपमधल्या चार रिव्ह्यूंचा स्क्रीनशॉट काढून फोनवर भाषांतर केले, तर एकात "भात सूक्ष्म आहे", एकात "तांदळाला धार लावली" आणि एकात "पाच तारे म्हणजे चेरी" असे काहीतरी आले. एकाने १० वर्षांत बिघडतो असेही लिहिलेले दिसते. यातले खरे काय आणि नुसते मत काय, हे कसे ओळखावे? दोन वर्षांनी परत जाताना कुकर बरोबर नेण्याचा विचार आहे.

उत्तर: मी जपानी भाषेतील माहितीपुस्तिका आणि तक्रारींची पत्रे मराठीत आणण्याचे काम बरीच वर्षे करत आहे. आपण पाठवलेले चित्र वाचताना पहिली अडचण भाषेची नव्हे, कातरीची आहे. तिसरा अभिप्राय जिथे संपल्यासारखा दिसतो, तिथे खाली बारीक अक्षरांत "त्सुझुकि ओ योमु", म्हणजे "पुढे वाचा", असे आहे. चित्रातली शेवटची अक्षरे "इमा नो तोकोरो फुमान वा आरिमा" एवढीच आहेत. हे वाक्य पुढे "आरिमासु" असे संपले, तर अर्थ "सध्या तक्रार आहे" असा होतो आणि "आरिमासेन" असे संपले, तर "सध्या तक्रार नाही". मराठीप्रमाणेच जपानीतही क्रियापद आणि नकार वाक्याच्या अगदी शेवटी येतात, त्यामुळे शेवटची दोन अक्षरे कापली गेली की वाक्य कोणत्या बाजूला पडणार होते ते सांगता येत नाही. फोनने मात्र ते पूर्ण करून "तक्रार आहे" असे लिहून टाकले आहे. या वाक्याकडे सध्या दुर्लक्ष करावे.

प्रत्येक अभिप्रायाच्या वर एक करड्या रंगाची ओळ आहे, तिचेही भाषांतर करून घ्यायला हवे. दुकाने एकाच पानावर ३ गो, ५.५ गो आणि १० गो अशा तिन्ही आकारांचे अभिप्राय एकत्र दाखवतात आणि कोणी कोणता आकार घेतला ते फक्त या ओळीत असते. आपल्या चित्रातला पहिला अभिप्राय ३ गोच्या कुकरचा आहे, दुसरा आणि तिसरा ५.५ गोचा. गो हे तांदळाचे जुने जपानी माप आहे. एक गो म्हणजे १८० मिलिलिटर, वजनात साधारण १५० ग्रॅम कोरडे तांदूळ. कुकरबरोबर येणारा प्लास्टिकचा पेला या मापाचा असतो, आपल्या घरातल्या वाटीचा किंवा २०० मिलिलिटरच्या कपाचा नसतो.

आता मुख्य मुद्दा. जपानी माणूस एखादी गोष्ट स्वतः पाहिली, कोणाकडून ऐकली की नुसती तर्काने सांगितली, हे बहुतेक वेळा वाक्याच्या शेपटीत सांगतो. "ओमोइमासु" आले की "मला वाटते", "कामो शिरेमासेन" आले की "असेलही कदाचित", "राशिइ" आले की "असे दिसते बुवा". घाईने केलेले भाषांतर वाक्य गुळगुळीत करण्याच्या नादात नेमकी ही शेपटी छाटते आणि "असेलही कदाचित" याचे "आहे" होऊन बसते. त्यानंतर तथ्य आणि मत वेगळे करायला काही उरतच नाही, कारण वेगळे करण्याची खूणच भाषांतरात पुसली गेलेली असते.

याचे सर्वांत नाजूक उदाहरण म्हणजे "सोओ देसु". झाकणाच्या खटक्याबद्दल कोणी "कोवारेसोओ देसु" लिहिले, तर त्याचा अर्थ "मोडेलसा दिसतो" असा आहे, म्हणजे लिहिणाऱ्याने खटका हाताळला आहे आणि त्यावरून अंदाज केला आहे. तोच माणूस "कोवारेरु सोओ देसु" असे लिहितो, तेव्हा अर्थ "मोडतो म्हणे" असा होतो, म्हणजे त्याने ते दुसऱ्याकडून ऐकले आहे. मध्ये फक्त "रु" हे एक अक्षर आहे. दोन्ही वाक्यांत खटका अजून मोडलेला नाही, आणि गुळगुळीत भाषांतरात मात्र दोन्हींचे "खटका मोडतो" होते.

मराठीत हे सगळे सांगायची सोय उत्तम आहे, "म्हणे", "असावा", "वाटते", "निघून गेला" असे शब्द आपल्या तोंडी रोज असतात, फक्त भाषांतरात ते वापरायला लोक कचरतात. एक सावधगिरी मात्र ठेवावी. मराठीतल्या "म्हणे" मध्ये थोडा अविश्वास डोकावतो, जपानी "सोओ देसु" मध्ये तो नसतो. म्हणून मी तिथे बहुधा "असे कळले" किंवा "असे सांगण्यात आले" असे लिहितो आणि "म्हणे" हा शब्द "राशिइ" साठी राखून ठेवतो.

आपल्या चित्रातला दुसरा, दोन तारे दिलेला अभिप्राय पूर्ण घेऊ, कारण त्यात हे सगळे प्रकार एकत्र आले आहेत. मूळ असे वाचले जाते: "उचिगामा नो कोओतिंगु गा हान्तोशि दे तोरेते शिमाइमाशिता. कोमे वा कामा दे तोइदे इमाशिता. सापोओतो नि देन्वा शितारा, उचिगामा वा शोओमोओहिन नानोदे होशोओ ताइशोओगाइ दा सोओ देसु. आजि गा इइ दाके नि झान्नेन देसु."

मी त्याचे मराठी असे करीन: "आतल्या भांड्याचा लेप सहा महिन्यांत निघून गेला. तांदूळ त्याच भांड्यात चोळून धूत असे. मदत केंद्राला फोन केला, तेव्हा आतले भांडे ही झिजणारी वस्तू असल्यामुळे हमीत बसत नाही, असे सांगण्यात आले. चव चांगली आहे, म्हणूनच जास्त वाईट वाटते."

पहिल्या वाक्यात तथ्य दोन आहेत, लेप निघाला आणि सहा महिने लागले. "तोरेता" एवढे लिहिले असते तर नुसते "निघाला" झाले असते; "तोरेते शिमाइमाशिता" या रूपात हळहळ मिसळली आहे आणि मराठीत ती "निघून गेला" मध्ये आपोआप येते. हळहळ त्याची, घटना भांड्याची. लेप किती निघाला हे मात्र वाक्यात नाही. कडेला नखाएवढा टवका उडाला तरी जपानीत हेच वाक्य लिहिता येते आणि तळ उघडा पडला तरीही. अभिप्रायाला फोटो जोडलेला असेल तर तो शब्दांपेक्षा उपयोगाचा आहे.

दुसरे वाक्य म्हणजे आपल्या फोनने "तांदळाला धार लावली" असे केलेले वाक्य. "तोगु" या क्रियापदाचा सुरीला धार लावणे हाही अर्थ आहे आणि तांदूळ चोळून धुणे हाही, त्यामुळे ही चूक समजण्यासारखी आहे. इथे भाषांतर करणाऱ्याला एक मोह होतो, तो टाळायला हवा. तांदूळ त्याच भांड्यात चोळत होता म्हणून लेप गेला, असा दुवा आपले मन लगेच जोडते आणि मराठीत "धूत असल्यामुळे" असे उतरते. मूळ लिहिणाऱ्याने तो दुवा जोडलेला नाही. त्याने दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत, आणि त्याचा हेतू "माझीच चूक असेल" असा होता की "मी तर नेहमीसारखाच वापरत होतो" असा, हे वाक्यावरून ठरत नाही. काही कंपन्या आतल्या भांड्यात तांदूळ धुवायला चालते असे पुस्तिकेत स्पष्ट लिहितात, काही वेगळे भांडे वापरायला सांगतात. या कुकरची पुस्तिका काय म्हणते ते पाहिल्यावर या वाक्याचे वजन कळेल.

तिसऱ्या वाक्यात "नानोदे", म्हणजे "असल्यामुळे", आहे, पण हे कारण ग्राहकाचे नाही, फोनवर उत्तर देणाऱ्याचे आहे. ग्राहकाने शेवटी "दा सोओ देसु" लावून ते दुसऱ्याच्या तोंडचे असल्याची नोंद इमानाने केली आहे. त्यामुळे येथील तथ्य "भांड्याला हमी नाही" हे नसून "भांड्याला हमी नाही असे त्याला सांगण्यात आले" हे आहे. हा फरक किरकोळ नाही. जपानमध्ये कुकरची हमी साधारणपणे एक वर्षाची असते, पण काही कंपन्या आतल्या भांड्याच्या लेपाला वेगळी तीन किंवा पाच वर्षांची हमी देतात. खरे काय ते हमीपत्रात, म्हणजे "होशोओशो" मध्ये, छापलेले असते. ते वाचून हे ऐकीव वाक्य पाच मिनिटांत पक्के करता येते किंवा खोडता येते.

शेवटचे वाक्य मत आहे, पण गमतीचे मत आहे. "दाके नि" या शब्दांचा भाव "म्हणूनच अधिक" असा आहे. दोन तारे देणारा हा माणूस भाताच्या चवीबद्दल तक्रार करत नाही, उलट ती चांगली आहे असे म्हणतो. नुसते तारे मोजले असते तर हा अभिप्राय "वाईट भात" या खात्यात गेला असता.

पहिला, पाच तारे दिलेला अभिप्राय आता सोपा जाईल. "माए नो सुइहान्कि गा जूनेन दे कोवारेता नोदे काइकाएमाशिता" या वाक्यात "माए नो", म्हणजे "आधीचा", हे शब्द आहेत. १० वर्षांनी बिघडला तो आधीचा कुकर, हा नव्हे. फोनच्या भाषांतरातून तेवढे दोन शब्द गळले. "कोवारेता" चे मराठी "बिघडला" असेच करावे. जपानीत "कोवारेता" आणि "कोवाशिता" ही जोडी आपल्या "फुटला" आणि "फोडला" सारखी आहे. पहिल्या रूपात कोणी बिघडवला, का बिघडला, याबद्दल एक अक्षरही नसते, म्हणून त्यात दोष कोणावरही ढकलू नये.

पुढे तो लिहितो की वापरायला लागून एक आठवडा झाला, भात "फुत्सू नि ओइशिइ" होतो, गरम ठेवला तरी १२ तासांपर्यंत साधारण पिवळा पडत नाही आणि किमतीच्या मानाने चांगला आहे असे त्याला वाटते. यात पडताळता येणारे वाक्य एकच, पिवळा न पडण्याचे, आणि तेही ३ गोच्या कुकरबद्दल. "फुत्सू" चा कोशातला अर्थ "सामान्य" असा असला तरी "फुत्सू नि ओइशिइ" म्हणजे "सामान्य चवीचा" नव्हे. बोलण्यात, विशेषतः तरुणांच्या, याचा अर्थ "चांगलाच लागतो, नाव ठेवायला जागा नाही" असा होतो. कौतुक आहे, पण उड्या मारणारे नाही.

आणि या अभिप्रायातला सर्वांत महत्त्वाचा शब्द "एक आठवडा" हा आहे. पाच तारे आठवडाभराच्या वापरानंतरचे आहेत आणि दोन तारे सहा महिन्यांनंतरचे. दोघे एकमेकांना खोडत नाहीत. लेपाबद्दल पहिल्याला काही सांगण्याची वेळच आलेली नव्हती. जपानी दुकानांत तर "मादा त्सुकात्ते इमासेन गा", म्हणजे "अजून वापरला नाही, पण", अशी सुरुवात करून पाच तारे देणारे पुष्कळ भेटतात. ते पॅकिंगची आणि वेळेवर आलेल्या पार्सलची तारीफ करत असतात. त्यांचे म्हणणे खोटे नसते, ते फक्त कुकरबद्दल नसते.

तिसऱ्या अभिप्रायात "भात सूक्ष्म आहे" हे प्रकरण आहे. मूळ शब्द "बिम्योओ" आहे. कोशात त्याचा अर्थ "सूक्ष्म, नाजूक" असाच दिला जातो, आणि उमेदवारीच्या काळात मी स्वतः एका तपासणी अहवालातल्या "बिम्योओ" चे "सूक्ष्म फरक" असे करून वरिष्ठांना चांगलेच गोंधळात टाकले होते. रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ "तितकेसे जमलेले नाही" असा आहे. जपानी माणूस नापसंती इतक्या हळू आवाजात बोलतो की परभाषिकाला ती स्तुती वाटू शकते. "चोत्तो" म्हणजे "जरासे" हा शब्द पुढे लागला, तर नापसंती आहे असे समजायला हरकत नाही.

त्याचा कापला न गेलेला मजकूर मराठीत असा आहे: "एकटा राहतो. एकच गो शिजवला की जरा टणक होतो, तितकेसे पटले नाही. पाणी जास्त घातले तर बरे होईलही कदाचित. भात व्हायला ५२ मिनिटे लागली." यात ५२ मिनिटे हे तथ्य आहे आणि ते दोष म्हणून वाचू नये, तांदूळ भिजवणे आणि शेवटी भात मुरवणे हे दोन्ही टप्पे कुकर स्वतः करतो, त्यामुळे नेहमीच्या शिजवण्याला पाऊण ते एक तास लागणे तिथे रूढ आहे. एकच गो शिजवला हेही तथ्य, आणि तेच आपल्यासाठी निर्णायक आहे. ५.५ गोच्या भांड्यात एक गो म्हणजे पाचव्या हिश्शाहून कमी तांदूळ. चौघांच्या घरात तीन गो लागत असतील, तर हा अनुभव आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. पाण्याचे वाक्य "कामो शिरेमासेन" ने संपते, म्हणजे त्याने तसे करून पाहिलेले नाही.

राहिला "टणक". मूळ शब्द "कातामे" म्हणजे "टणकपणाकडे झुकणारा", आणि तो कशाच्या तुलनेत, हे लिहिणाऱ्याच्या आवडीवर ठरते. पण भाताच्या पोताचे सगळे जपानी शब्द मत नसतात. "शिन गा नोकोरु" म्हणजे सरळ आपल्याकडचे "कणी राहते", आणि ते शीत दाबून कोणालाही तपासता येते. "बेच्याबेच्या" म्हणजे गिच्च, "मोचिमोचि" म्हणजे मऊ आणि चिकट, "पासापासा" म्हणजे कोरडा, फडफडीत. यातला शेवटचा शब्द जपानी ग्राहक तक्रार म्हणूनच लिहितो, कारण त्याला चॉपस्टिकने उचलता येईल असा गोळा धरणारा भात हवा असतो. मसालेभातासाठी मोकळा भात हवा असलेल्या मराठी घराला तीच तक्रार शिफारस वाटेल. म्हणून अशा ठिकाणी "वाईट, कोरडा" असे भाषांतर करू नये, "कोरडा, मोकळा होतो, लिहिणाऱ्याला हे आवडलेले नाही" असे दोन तुकड्यांत करावे. निरीक्षण घ्यावे, नापसंती त्याची त्याला परत द्यावी. हे सर्व अनुभव आखूड दाण्याच्या जपानी तांदळाचे आहेत आणि भांड्याच्या आतल्या पाण्याच्या रेघाही त्याच तांदळासाठी आखलेल्या असतात, हे बासमती किंवा सोना मसुरी घालताना आठवावे.

चौथा अभिप्राय एका ओळीचा आहे: "होशि इत्सुत्सु वा साकुरा देवा?" चेरीच्या फुलाला साकुरा म्हणतात हे खरे, पण बाजारात साकुरा म्हणजे गर्दीत मिसळून मालाची वाहवा करणारा भाडोत्री माणूस. "पाच तारे देणारे भाडोत्री तर नव्हेत?" असे हे वाक्य आहे. "देवा?" ही शेपटी संशय सुचवते, पुरावा देत नाही. जपानमध्ये १ ऑक्टोबर २०२३ पासून, जाहिरात असल्याचे लपवून केलेली जाहिरात नियमबाह्य ठरली आहे, त्यामुळे वस्तू फुकट मिळाल्यावर लिहिलेल्या मजकुरात "तेइक्योओ", म्हणजे "कंपनीने दिलेली", किंवा "पीआर" असा उल्लेख शोधावा. तो नसला म्हणून अभिप्राय प्रामाणिक ठरत नाही. आपल्या पहिल्या अभिप्रायात मात्र ३ गो, १२ तास, आधीचा कुकर असे बारीक तपशील आहेत आणि कौतुक बेताचे आहे; मला तो साकुराचा वाटत नाही. हे माझे मत आहे.

कुकर पुण्याला नेण्याबद्दल चारही जणांनी काही लिहिलेले नाही, आणि ते लिहिणारही नाहीत, कारण जपानमध्ये घरातल्या नेहमीच्या सॉकेटला १०० व्होल्टची वीज असते. भारतात २३० व्होल्ट असल्याने हा कुकर थेट लावला तर जळेल. ५.५ गोचे इंडक्शन पद्धतीचे कुकर साधारण १२०० वॉट घेतात, त्यामुळे किमान १५०० वॉटचा, चांगलाच जड ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि हमी बहुधा जपानपुरतीच असेल. उत्पादनाच्या पानावर "तेइकाकु देन्आत्सु" या शब्दांपुढे १०० व्होल्ट आणि "शोओहि देन्र्योकु" पुढे वॉटचा आकडा दिलेला असतो, तो पाहून घ्यावा. दोन वर्षांचाच वापर धरायचा असेल, तर दुसऱ्या अभिप्रायातला लेपाचा प्रश्न आपल्यासाठी सर्वांत मोठा आहे. हमीपत्राचे पान, त्या भांड्याचा फोटो असल्यास तो आणि तिसऱ्या अभिप्रायाचा कापला गेलेला भाग पाठवलात, तर "आरिमा" पुढे काय होते तेही सांगतो.